ट्यूबलेस टायरचं पंक्चर रस्त्यातच काढायचं तर सोबत नेमकं काय ठेवावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. पावसाळा ओसरला की आम्ही दोघं पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन-हरिहरेश्वरला जाणार आहोत. बाईक १६० सीसीची, अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस. सेंटर स्टँड नाही. मुळशी सोडल्यावर ते थेट विळे-निजामपूरपर्यंत पंक्चरचं दुकान उघडं मिळेलच याची खात्री नाही, आणि घाटात कितीतरी जागी मोबाईलला रेंज नसते. पंक्चर स्वतः काढता यावं एवढी तयारी करूनच निघायचं ठरवलंय.

ऑनलाइन दोनशे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत किट दिसतात. त्यातलं खरोखर काय लागतं? आणि भोकात रबराची स्ट्रिप घातल्यावर मागे माणूस बसवून शंभर किलोमीटर जाता येतं का? ज्यांनी स्वतः रस्त्यात बसून हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

सह्यभटक्या

टोच्या, सुई, पाच-सहा स्ट्रिपा, सोल्यूशन. झालं किट. दहा मिनिटांचं काम आहे, एवढं टेन्शन घेऊ नका.

मीराची_आई

दहा मिनिटांत स्ट्रिप जाईल हो, पण हवा कुठून आणायची? माझी स्कूटर घोडबंदर रोडवर रात्री साडेनऊला बसली होती. एका भल्या मुलाने त्याच्या किटमधून स्ट्रिप घालून दिली. पण पंप ना त्याच्याकडे ना माझ्याकडे. शेवटी पेट्रोल पंपापर्यंत स्कूटर ढकलत नेली. तेव्हापासून डिकीत आधी पंप, मग बाकीचं.

रविवारचा_रायडर

जेल भरून घ्या आणि विसरून जा. दोन्ही टायरमध्ये मिळून चार-पाचशे रुपये खर्च. खिळा घुसला तरी कळत नाही.

गॅरेज_चिपळूण

मी वीसेक वर्षं टायरचं काम करतोय, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

मीराताईंचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. हवा भरायची सोय नसेल तर बाकी किट घरी ठेवलं तरी चालेल. उलट नुसता पंप असेल तर बऱ्याच वेळा स्ट्रिपची गरजच पडत नाही. ट्यूबलेसमध्ये घुसलेला खिळा स्वतःच भोक धरून बसतो आणि हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळ्याला हात लावू नका. हवा भरा, पाच-सात किलोमीटर जा, पुन्हा मोजा. दर वेळी दोन-तीन पीएसआयच उतरत असतील तर तसंच दुकान गाठा. बरेच जण खिळा दिसला की आधी पकडीने उपटतात आणि मग किट शोधायला बसतात. तोवर टायर जमिनीला टेकलेलं असतं.

आता काढायचंच ठरलं तर. टायर मऊ पडलं असेल तर खिळा काढायच्या आधीच वीस-पंचवीस पीएसआय हवा भरून घ्या. मऊ टायरमध्ये रीमर, म्हणजे टोच्या, दाबला की रबर आत दबतं, रीमर शिरत नाही. जास्त जोर लावला तर टायरची कड रिमवरून सुटते. कड सुटली की छोट्या पंपाने ती परत बसवणं फार कठीण.

खिळा उपटताना तो कुठल्या कोनात आत गेलाय ते नीट बघा. ही गोष्ट सर्वात जास्त चुकते. रीमर त्याच कोनात गेला पाहिजे. सोल्यूशन लावून आठ-दहा वेळा आतबाहेर करा, आणि मग रीमर भोकातच राहू द्या. तो आत आहे तोवर हवा फारशी जात नाही. तेवढ्यात सुईच्या डोळ्यात स्ट्रिप मधोमध ओवा, सोल्यूशन चोळा. मग एका हाताने रीमर बाहेर आणि लगेच दुसऱ्या हाताने सुई आत. दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतपत दाबा आणि सुई सरळ झटक्यात ओढा. सुई पिळू नका, पिळलं की स्ट्रिप तिच्याबरोबर बाहेर येते.

घाटमाथा

काका, हेच हवं होतं, खूप आभार. एक शंका. सेंटर स्टँड नसताना एवढा जोर लावला की गाडी पुढे-मागे सरकते. ती कशी धरायची?

गॅरेज_चिपळूण

मागचं चाक असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका, चाक फिरणार नाही. त्याआधी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलत खिळा मागच्या बाजूला, साधारण सायलेन्सरच्या उंचीवर आणा, म्हणजे अंगाचा भार टाकून दाबता येतं. पुढचं चाक असेल तर दुसऱ्याने पुढचा ब्रेक दाबून धरायचा. एकटे असाल तर ब्रेकच्या लिव्हरला घट्ट रबरबँड किंवा वेल्क्रोचा पट्टा. किटमध्ये तो पट्टा जरूर ठेवा, दहा रुपयांची वस्तू आहे.

बुलेट_सांगली

या सगळ्याची आम्हाला गरज नाही. स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब. टायर लिव्हर आणि जास्तीची ट्यूब ठेवायची, बस.

डिस्कब्रेक

@बुलेट_सांगली, बहुतेक स्पोकवाल्या गाड्यांना ते लागू आहे, सगळ्यांना नाही. हल्ली काही गाड्यांना स्पोक असूनही ट्यूबलेस चाकं येतात.

आणि उलटा प्रकारही असतो. टायरच्या बाजूला ट्यूबलेस असं छापलेलं असतं आणि आत ट्यूब टाकलेली असते. नुसतं टायर वाचून स्ट्रिप घालायला जाल तर ट्यूबची चाळण होईल. वॉल्व्हकडे बघा. ट्यूबचा वॉल्व्ह म्हणजे आटे असलेली धातूची नळी, रिमपाशी बहुतेक वेळा नट असतो आणि तो सैल केला की नळी हलते. ट्यूबलेसचा वॉल्व्ह बुडाशी जाड रबराने रिममध्ये गच्च बसलेला दिसतो. धातूचे ट्यूबलेस वॉल्व्हही असतात, तेव्हा खात्री नसेल तर सर्व्हिसिंगला दिली की एकदा विचारून घ्या. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

बुलेट_सांगली

हे माहीत नव्हतं. माझ्या भाच्याने जुनी घेतलीय, उद्याच बघायला सांगतो.

कोल्हापुरी_चारचाकी

माझ्या नव्या कारमध्ये स्टेपनीच नाही. कंपनीने एक बाटली आणि सिगारेट सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर दिलाय. हे कायदेशीर आहे का? शोरूमवाले म्हणतात चालतं.

डिस्कब्रेक

धागा दुचाकीचा आहे, तरी सांगतो. हो, चालतं. २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. बाटलीतलं द्रव्य वापरल्यावर टायर उतरवून आतून साफ करून घ्यावं लागतं एवढं लक्षात ठेवा. कारसाठी वेगळा धागा काढलात तर बरं, तिथे बोलू.

रानवाट

कोनाचा मुद्दा आला म्हणून आमच्या ग्रुपमधला प्रसंग लिहितो, कारण रस्ताही घाटमाथांचाच आहे.

डोंगरवाडी सोडून उतरायला लागलो तसं एकाच्या गाडीचं मागचं चाक वळणावर सरकल्यासारखं वाटायला लागलं. थांबून पाहिलं तर गेजवर ११ पीएसआय. नक्षीच्या मधल्या खाचेजवळ स्क्रू होता, बांधकामाच्या पत्र्याला मारतात तसला, षटकोनी डोक्याचा, चांगलाच तिरपा घुसलेला. ग्रुपमधल्या हौशी मित्राने स्क्रू काढला, रीमर सरळ काटकोनात मारला, स्ट्रिप घातली, हवा भरली. तीन-चार मिनिटांत स्ट्रिपच्या कडेने फुरफुर सुरू. मग अजून हवा, अजून फुरफुर.

त्याच ग्रुपमध्ये एक माणगावचे गृहस्थ होते. त्यांनी स्ट्रिप पकडीने उपटली आणि भोकात नुसती सुई सोडून पाहिली. सुई आपोआप तिरपी होऊन आत गेली. म्हणजे स्क्रूची वाट एकीकडे आणि रीमरची दुसरीकडे, आत मोकळी जागा राहिली होती. त्यांनी स्क्रूच्या वाटेने पुन्हा रीमर फिरवला आणि दोन स्ट्रिपा एकत्र ओवून घातल्या. दोन स्ट्रिपांची सुई आत जाता जात नव्हती, दोघांनी मिळून दाबली. दोन मिनिटं तशीच ठेवली. मग २० पीएसआय भरून त्यावर बाटलीतलं साबणाचं पाणी ओतलं. बुडबुडा नाही असं बघून ३२ पर्यंत नेलं आणि पुन्हा पाणी. टोकं ब्लेडने रबरापासून थोडी वर कापली, ओढून नाही, नुसती कापली. मागे बसलेल्याला दुसऱ्या गाडीवर घेतलं. चाळीसच्या वेगाने विळ्यापर्यंत, तिथे हवा मोजली, ३२च होती. मग माणगाव.

त्या किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे साबणपाण्याची छोटी बाटली. नुसत्या कानाने घाटातल्या वाऱ्यात काही ऐकू येत नाही.

सह्यभटक्या

वाचून पटलं, दहा मिनिटांचं काम नाही हे. दोन स्ट्रिपा एकत्र घालता येतात हे मात्र प्रत्येक किटच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

गॅरेज_चिपळूण

रानवाट, छान लिहिलंत. एक भर घालतो. ११ पीएसआयवर ती गाडी किती चालली हे महत्त्वाचं आहे. अगदी कमी हवेवर दोघांना घेऊन तीन-चार किलोमीटर जरी गेलं तरी टायरच्या बाजूच्या भिंती दुमडून आत घासतात आणि तापतात. बाहेरून काहीच दिसत नाही. टायर उतरवलं की आत काळी रबराची भुकटी निघते. अशा टायरला स्ट्रिप छान बसेल, पण ते टायर नंतर भरवशाचं नाही. म्हणून चाक जरा वेगळं वाटलं की लगेच थांबा, "पुढच्या गावात बघू" नको.

आणि बाजूच्या भिंतीला, किंवा नक्षी संपते त्या खांद्याला भोक असेल तर स्ट्रिप घालू नका. ती जागा प्रत्येक फेऱ्याला वाकते, स्ट्रिप टिकत नाही. मधल्या नक्षीतही पेन्सिलीपेक्षा मोठं भोक किंवा चीर असेल तर टेम्पो बोलवा.

रविवारचा_रायडर

माझ्या जेलबद्दल कोणी काहीच बोललं नाही :) एवढा सगळा खटाटोप जेल असेल तर होतच नाही ना?

गॅरेज_चिपळूण

बोलतो. मधल्या नक्षीत बारीक खिळा गेला तर जेल काम करतं, हे मान्य. पण दोन अडचणी रोज बघतो. एक, खिळा कळतच नाही. तो महिनोन्महिने आत राहून भोक मोठं करतो आणि गंज धरतो. दोन, जेल थांबवू शकलं नाही की मग स्ट्रिप घालताना भोकातून जेल बाहेर येत राहतं. ओल्या जेलवर सोल्यूशन धरत नाही. वॉल्व्हची पिनही त्याने चिकटते, मग गेज चुकीची हवा दाखवतं.

रविवारचा_रायडर

दोन टायर संपवली मी जेलवर, एकदाही रस्त्यात थांबलो नाही. तुमच्याकडे येतात ती बिघडलेलीच येणार ना काका, ज्यांचं जेलने भागलं ते तुमच्याकडे येतीलच कशाला?

गॅरेज_चिपळूण

हा मुद्दा बरोबर आहे. शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्याला मी जेल नको म्हणणार नाही. घाटात जाणाऱ्याने जेल असलं तरी किट ठेवावंच.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये टायर दुरुस्तीचं मानक आहे, बीएस एयू १५९. त्याप्रमाणे टायर रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय दुरुस्ती झाली असं धरत नाहीत. आतून छत्रीसारखा प्लग-पॅच बसवतात. बाहेरून घातलेली स्ट्रिप म्हणजे फक्त दुकानापर्यंत पोचायची सोय. बाईकच्या टायरला तर कितीतरी दुकानं दुरुस्तीच नाकारतात, नवीन घ्या म्हणतात. त्यामुळे "स्ट्रिप घालून शंभर किलोमीटर, मागे माणूस" या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्टपणे "नाही" असं आहे.

सह्यभटक्या

इथे लोक एका टायरला चार-चार स्ट्रिपा घालून टायर गुळगुळीत होईपर्यंत फिरतात, काही होत नाही.

लीड्सकर

काही होत नाही तोवर होत नाही. दोन चाकांवर मागचं टायर एकदम बसलं तर सावरायला वेळ किती मिळतो? आणि मागे घरचं माणूस आहे.

गॅरेज_चिपळूण

दोघांच्या मधलं सांगतो. मधल्या नक्षीत साध्या खिळ्याचं भोक, टायर रिकामं चाललेलं नाही, स्ट्रिप नीट बसलेली. असं असेल तर माझी गिऱ्हाईकं ती स्ट्रिप टायर संपेपर्यंत वापरतात, मीही वापरतो. पण पहिला दिवस साठच्या आत, आणि सकाळी थंड टायरची हवा मोजायची. एका रात्रीत दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर पुन्हा काम. दोघं बसून हायवेला नव्वद-शंभरने जाणार असाल तर आतून पॅच करून घ्या. चिपळूण, महाडसारख्या गावांत करून मिळतो, मात्र सांगून मागावा लागतो, नाहीतर स्ट्रिपच घालतात.

मीराची_आई

दुकानात जाताना एक सांगते. काम सुरू व्हायच्या आधी टायर आपल्यासमोर पाण्यातून फिरवायला लावा आणि भोकं मोजा. माझ्या टायरमध्ये आधी एक होतं, काम करताना तीन "सापडली". सगळे तसे नसतात, पण समोर उभं राहिलेलं बरं.

अणुरेणू

सीओटूच्या नळकांड्यांचा कोणी विचार करत असेल तर गणित बघून घ्या. १६ ग्रॅमच्या नळकांड्यात बाहेरच्या दाबाला साधारण नऊ लिटर वायू होतो. १६० सीसीच्या बाईकचं मागचं टायर आत बारा-तेरा लिटरचं. म्हणजे एका नळकांड्याने दहा पीएसआयच्या आसपास. पूर्ण बसलेल्या टायरला तीन लागतील, आणि स्ट्रिप गळाली तर तीनही फुकट. स्कूटरचं दहा इंची टायर छोटं, तिथे दोन पुरतात. भरताना नळकांडं गारठतं, उघड्या हाताने धरू नका.

घाटमाथा

मग बॅटरीवाला पंप की पायाचा? चार्जिंगवाले छान दिसतात.

डिस्कब्रेक

चार्जिंगवाला माझ्याकडे आहे, उत्तम चालतो, पण दोन महिने बॅगेत पडून राहिला की ऐनवेळी दम नसतो. निघायच्या आदल्या रात्री चार्ज करणारे असाल तर घ्या. गाडीच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा छोटा पंप जास्त खात्रीचा, त्यासाठी बॅटरीपासून फ्यूज असलेली वायर सीटखाली कायमची काढून ठेवावी. नाहीतर रस्त्यात सीट, साइड पॅनल, बॅटरीचे स्क्रू असं सगळं उघडत बसावं लागतं.

आणि कुठलाही पंप घेतलात तरी त्याचं तोंड तुमच्या वॉल्व्हवर बसतं का ते घरी बघा. मागच्या डिस्क आणि चेन स्प्रॉकेटच्या मध्ये सरळ वॉल्व्ह असला की जाड तोंडाचा पंप आत शिरतच नाही. काटकोनी एक्स्टेन्शन मिळतं, ते किटमध्ये टाका. हवा भरून झाली की काढून ठेवा, लावून चालवू नका.

रानवाट

सायकलचा चांगला हातपंपही चालतो. दमछाक होते, पण तीस पीएसआयपर्यंत पोचतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. आमच्या त्या दिवशी तोच होता, पाळीपाळीने मारला.

पेठेतला

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते. बंद ट्यूब वेगळी ठेवा. स्ट्रिपाही सीटखालच्या उष्णतेने कडक होतात. बोटाला चिकटत नसेल ती स्ट्रिप टाकून द्या. आणि प्लॅस्टिकच्या मुठीचा रीमर घेऊ नका, माझ्यासमोर एकाची मूठ तुटून सळई टायरमध्येच राहिली. टी आकाराची धातूची मूठ घ्या.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. धातूच्या टी मुठीचा रीमर आणि सुई, ताज्या स्ट्रिपा, दोन बंद सोल्यूशन, लांब नाकाची पकड, ब्लेड, वेगळा गेज, साबणपाणी, वॉल्व्हच्या पिना आणि त्यांची चावी, काटकोनी एक्स्टेन्शन, वेल्क्रोचा पट्टा, डोक्याला लावायचा टॉर्च. पंप १२ व्होल्टचा, वायर या रविवारी बसवतो. जेल सध्या नाही. स्ट्रिप घालावी लागलीच तर ही एसटीने माणगावला येईल, मी एकटा हळू जाईन. तिलाही हे पटलंय.

एकच राहिलं. हे काम जुन्या टायरवर एकदा करून बघावं का?

गॅरेज_चिपळूण

नक्की. टायर बदलायला आलंच असेल तर उतरवण्याआधी दुकानातच त्यात खिळा मारून तुम्ही स्वतः काढा, मागितलं तर कोणीही करू देईल. पहिल्यांदा रीमर घालताना किती जोर लागतो ते लिहून सांगता येत नाही.

लीड्सकर

माझं मत अजून तेच आहे, आतून पॅच केल्याशिवाय दोघांनी परतीचा प्रवास करू नये. यादी मात्र चांगली झाली आहे. हातमोजे राहिले.

कोल्हापुरी_चारचाकी

कारसाठी धागा काढलाय, "स्टेपनी नसलेली कार". जाणकारांनी या.